तक्रार पत्र: पॉलिसीवरील कर्जाऐवजी सरेंडर करण्यास भाग पाडणारे चुकीचे तुलनापत्रक

प्रति,
शाखा व्यवस्थापक,
जीवन विमा कंपनी, नौपाडा शाखा, ठाणे (पश्चिम)

प्रत: तक्रार निवारण अधिकारी, मुख्य कार्यालय

विषय: कर्जाचा अर्ज न स्वीकारणे, सरेंडर फॉर्मवर आगाऊ सही मागणे आणि तुलनापत्रकातील चुका

महोदय,

माझ्या बोनससह एन्डॉवमेंट पॉलिसीवर मी ३,००,००० रुपयांचे कर्ज मागितले होते. शाखेने अर्ज घेतला नाही. त्याऐवजी कर्ज घेणे आणि पॉलिसी सरेंडर करणे, म्हणजे मुदतीआधी मोडून पैसे घेणे, यांचे एक छापील तुलनापत्रक हाती दिले. त्यात कर्जापुढे ‘व्याज ९.५ टक्के, नॉमिनेशन रद्द, विमा संरक्षण स्थगित’ असे लिहिले आहे आणि सरेंडरपुढे ‘खर्च शून्य’. शिवाय ‘दोन्ही फॉर्मवर सह्या करून ठेवा, जे मंजूर होईल ते पाहू’ असे तोंडी सांगण्यात आले. या तिन्ही गोष्टींवर माझा आक्षेप आहे.

‘खर्च शून्य’ हे सर्वात गंभीर आहे, म्हणून आधी तेच. पॉलिसीची विमा रक्कम १०,००,००० रुपये, मुदत २० वर्षे, वार्षिक हप्ता ५२,००० रुपये. १२ हप्ते भरले आहेत, म्हणजे ६,२४,००० रुपये. जमा झालेला बोनस ४,८०,००० रुपये आहे. आपल्याच पत्रकाप्रमाणे आजचे सरेंडर मूल्य ५,९४,००० रुपये. आता समजा, पुढे एकही हप्ता भरला नाही आणि पॉलिसी नुसती पेड-अप केली. विमा रक्कम भरलेल्या हप्त्यांच्या प्रमाणात उतरते, १०,००,००० चे १२/२०, म्हणजे ६,००,००० रुपये. त्यात जमा बोनस मिळवला की मुदत संपताना १०,८०,००० रुपये हाती येतात. सरेंडर करणारा ग्राहक ८ वर्षांनंतरचे १०,८०,००० सोडून आज ५,९४,००० घेतो. हा फरक ४,८६,००० रुपयांचा आहे आणि वार्षिक दराने मोजला तर साधारण पावणेआठ टक्के पडतो. पत्रकात तो शून्य दिसतो, कारण तो पैसा खिशातून जात नाही, पुढे मिळायचा थांबतो.

मला गरज ३,००,००० रुपयांचीच आहे. कर्ज घेतले तर व्याज तेवढ्याच रकमेवर लागेल. सरेंडर केले तर नुकसान पूर्ण ५,९४,००० रुपयांवर होईल आणि गरज नसलेले २,९४,००० रुपयेही पॉलिसीतून बाहेर पडतील. ते मुदत ठेवीत ठेवले तरी व्याजावर कर आहे. पावणेआठ टक्के करानंतर मिळवून देणारी ठेव कोणती, हे आपल्या प्रतिनिधीने सांगितले नाही. त्याने पुढे केले ते नव्या पॉलिसीचे माहितीपत्रक.

आता कर्जाचा खरा खर्च. सरेंडर मूल्याच्या ९० टक्क्यांपर्यंत, म्हणजे ५,३४,६०० रुपयांपर्यंत कर्ज मिळू शकते. मी त्याच्या बरेच आत आहे. ९.५ टक्के दराने दर सहा महिन्यांनी १४,२५० रुपये व्याज होईल, दोन वर्षांत ५७,००० रुपये. व्याज वेळेवर न भरल्यास ते मुद्दलात मिसळते आणि दोन वर्षांनी कर्ज सुमारे ३,६१,२०० रुपये होते. आठही वर्षे काहीच भरले नाही, तर ते सुमारे ६,३०,००० वर जाते. ही धोक्याची बाजू पत्रकात ठळक छापायला हवी होती. व्याजही थकले आणि हप्तेही थांबले, तर कर्ज वाढत जाऊन सरेंडर मूल्याला गाठते आणि पॉलिसी बंद केली जाते. पॉलिसी दस्तऐवजातील कर्जाच्या अटीत हे दिलेले आहे. पत्रकात याचा उल्लेख नाही, आणि ज्या गोष्टी घडत नाहीत त्या मात्र छापल्या आहेत.

त्यातली पहिली ‘नॉमिनेशन रद्द’. कर्जासाठी पॉलिसी कंपनीच्या नावे असाइन करावी लागते, म्हणजे तिचे हक्क कंपनीकडे सोपवावे लागतात, हे खरे. पण विमा कायदा १९३८ च्या कलम ३९ मध्ये याच प्रसंगासाठी अपवाद आहे. सरेंडर मूल्याच्या मर्यादेत कर्ज देणाऱ्या विमा कंपनीलाच पॉलिसी असाइन केली, तर नॉमिनेशन रद्द होत नाही. नॉमिनीचा हक्क कंपनीच्या येणे रकमेपुरताच मागे सरतो. कर्जाखेरीज अन्य कारणाने दुसऱ्या कुणाला असाइन केल्यास नॉमिनेशन रद्द होते. आपल्या पत्रकाने हे दोन प्रकार एक करून टाकले आहेत.

दुसरी ‘विमा संरक्षण स्थगित’. हप्ते चालू असतील तर संरक्षण चालूच राहते, फक्त दाव्यातून कर्ज व थकीत व्याज वजा होते. आज मृत्यूदावा आला तर १०,००,००० अधिक ४,८०,००० बोनस, म्हणजे १४,८०,००० रुपये देय आहेत. कर्ज ३,००,००० आणि एका सहामाहीचे व्याज वजा केल्यास नॉमिनीला ११,६५,७५० रुपये मिळतात. सरेंडरनंतर नॉमिनीला पॉलिसीतून काहीच मिळत नाही. ज्या पर्यायात संरक्षण संपते त्यासमोर पत्रकातला संरक्षणाचा रकाना कोरा आहे.

नवी पॉलिसी घेऊन ही भरपाई होईल, हे म्हणणेही मान्य नाही. पहिली ३५ व्या वर्षी घेतली होती, आता वय ४७ आहे. हप्ता वाढणार आणि वैद्यकीय तपासणीचा निकाल आधी माहीत नसणार. कलम ४५ नुसार ३ वर्षे उलटलेल्या पॉलिसीवर कंपनी कोणत्याही कारणाने आक्षेप घेऊ शकत नाही. जुन्या पॉलिसीला हे कवच मिळालेले आहे. नव्या पॉलिसीत ती ३ वर्षे पुन्हा पहिल्या दिवसापासून मोजली जातील.

सरेंडर नेहमीच चूक असते, असे माझे म्हणणे नाही. हप्ता भरणे झेपत नसेल, किंवा पैसा कधीच परत करता येणार नसेल आणि संरक्षणाची दुसरी सोय असेल, तर ते योग्य ठरू शकते. माझ्या बाबतीत यांपैकी काहीही लागू नाही.

आगाऊ सहीबद्दल माझे स्पष्ट म्हणणे आहे. सरेंडर फॉर्मवर ‘पॉलिसीअंतर्गत सर्व देणी पूर्ण चुकती झाली’ या अर्थाचा मजकूर असतो. तारीख व रक्कम न भरलेल्या अशा कागदावर ग्राहकाची सही घेऊन ठेवणे म्हणजे त्याच्या गैरहजेरीत करार संपवण्याचा अधिकार घेणे. मी त्या फॉर्मवर सही केलेली नाही आणि करणार नाही.

माझ्या मागण्या अशा: कर्जाचा अर्ज, मूळ बाँड, केवायसी कागदपत्रे आणि रद्द केलेला धनादेश घेऊन दिनांकित पोच द्यावी. मंजुरीपत्रात व्याजदर, व्याज कोणत्या तारखांना देय, ते थकल्यास काय होते, प्रक्रिया शुल्क आणि कर्ज फिटल्यावर पॉलिसी माझ्या नावे पुन्हा असाइन करून देण्याची पद्धत लिहून द्यावी. सध्याचे तुलनापत्रक मागे घेऊन, पेड-अप मूल्य आणि दोन्ही पर्यायांतील मृत्यूदाव्याची रक्कम दाखवणारे नवे पत्रक शाखेत ठेवावे. ते फक्त मला देऊन भागणार नाही. हेच पत्रक वाचून कुणी कालच पॉलिसी मोडली असेल.

१४ दिवसांत लेखी उत्तर न आल्यास ही तक्रार मी विमा नियामकाच्या ‘बिमा भरोसा’ पोर्टलवर नोंदवेन. एक महिना उलटूनही समाधान झाले नाही, तर विमा लोकपालांकडे जाईन.

आपला,
पॉलिसीधारक, ठाणे

सोबत: तुलनापत्रकाची प्रत, शेवटच्या हप्त्याची पावती, पॉलिसी दस्तऐवजातील कर्ज व सरेंडर अटींची पाने