वरून काढलेल्या फोटोत फिल्टरची जाडी दिसत नाही

कोथरूड, पुणे
दि. १८ ऑगस्ट

प्रति,
व्यवस्थापक, ग्राहक तक्रार विभाग

विषय: फोटोवरून ओळखून पाठवलेले दोन फिल्टर आणि एक ब्रश चुकीचे निघाल्याबाबत

महोदय,

माझी नोकरी भोसरीच्या एका कारखान्यात, टूलरूममध्ये झाली. त्यामुळे हे पत्र जरा मापांनी भरलेलं असेल. तुमच्या ग्राहक सेवेतल्या मुलीने फोनवर 'सर, थोडं अ‍ॅडजस्ट होईल' असं सांगितलं नसतं, तर कदाचित व्हर्निअर कपाटातून बाहेर निघालाही नसता.

आमच्याकडे दोन वर्षांपासून रोबो व्हॅक्युम आहे. मुलाने आणून दिला. नातू त्याला कासव म्हणतो, म्हणून आम्हीही कासवच म्हणतो. आमच्या इमारतीला लागून पुनर्विकासाचं काम चालू आहे, तेव्हा घरात सिमेंटची धूळ रोजची, आणि फिल्टर लवकर बुजतो. जुलैच्या पहिल्या आठवड्यात तुमच्या अ‍ॅपवरची 'फोटो काढा, पार्ट मिळवा' ही सोय वापरली. अ‍ॅपने यंत्राचा वरून एक फोटो मागितला. पांढरी गोल तबकडी, मध्ये सेन्सरची घुमटी, दोन बटणं. अ‍ॅपने लगेच मॉडेल ओळखलं, हिरवी खूण दाखवली आणि फिल्टर ४९९ रुपयांना पुढे केला. मी घेतला.

फिल्टर डब्यात बसला, खटका लागला, झाकण बंद झालं. शंका येण्यासारखं काहीच नव्हतं. नऊ-दहा दिवसांनी कासवाचा आवाज चिरका यायला लागला. डबा काढून पाहिला, तर फिल्टरच्या मागे, जिथे फक्त गाळलेली हवा यायला हवी तिथे, मैद्यासारखी राखाडी भुकटी बसलेली. बोट फिरवलं तर रेघ उमटली. हवा बाहेर पडते त्या जाळीवरही तेच. म्हणजे धूळ फिल्टरमधून गाळली जात नव्हती, त्याच्या कडेने सरळ पंख्यात जात होती.

जुना फिल्टर मी टाकला नव्हता. दोन्ही शेजारी ठेवून मापले. लांबी दोघांची १२० मिलिमीटर, रुंदी ६२. जाडी मात्र जुन्याची १५ आणि तुमच्याची १२. फिल्टरच्या चौकटीला भोवती फोमची पट्टी असते, ती डब्याच्या ओठावर दाबली गेली तरच कडेची वाट बंद होते. तीन मिलिमीटर कमी असल्यावर खटका लागतो, पण पट्टी ओठाला टेकतच नाही. यंत्र तक्रार करत नाही आणि बाहेरून काही दिसत नाही.

चूक कुठे झाली, तेही शोधलं. आमच्या यंत्राचं वरचं कवच एकच, पण डबे दोन तऱ्हेचे येतात. एक फक्त धुळीचा, आणि दुसरा खाली पाण्याची टाकी असलेला, पुसण्यासाठी. टाकीवाल्यात जागा कमी, म्हणून त्याचा फिल्टर पातळ. आमचा धुळीचा, तुम्ही पाठवला टाकीवाल्याचा. वरून काढलेल्या फोटोत हा फरक दिसणं शक्यच नाही, तुमचं अ‍ॅप कितीही हुशार असलं तरी. तो कळतो यंत्र उलटं केल्यावर दिसणाऱ्या लेबलावरच्या मॉडेल क्रमांकात, शेवटच्या एक-दोन अक्षरांत. आमचं लेबल घासून फिकट झालंय. टॉर्च बाजूने आडवी धरली तेव्हा अक्षरं वाचता आली. अ‍ॅपने हे लेबल मागितलंच नव्हतं.

तक्रार केल्यावर तुम्ही बदली फिल्टर पाठवायचं कबूल केलं, हे मान्य. त्यासाठी सांगितलंत की जुन्या फिल्टरशेजारी दहा रुपयांचं नाणं ठेवून वरून फोटो पाठवा, नाण्यावरून आम्ही माप काढू. मी जेवणाच्या टेबलावर फिल्टर आणि नाणं ठेवलं आणि फोन साधारण २५ सेंटिमीटरवर धरून फोटो काढला. आलेला फिल्टर १२८ बाय ६६. डब्यात शिरेचना.

हे मात्र मला खरंच मजेदार वाटलं, म्हणून तोच फोटो मी पुन्हा काढून पाहिला. नाणं टेबलावर असतं, पण फिल्टरचा वरचा चेहरा टेबलापासून १५ मिलिमीटर उंच, म्हणजे कॅमेऱ्याच्या तितका जवळ. जवळची वस्तू मोठी दिसते. २५० ला २३५ ने भागलं की साधारण १.०६४ येतात, म्हणजे सहा टक्क्यांहून जास्त फुगवटा. १२० चे १२८ होतात आणि ६२ चे ६६. तुमचं माप अगदी बरोबर निघालं, फक्त ते फिल्टरचं नव्हतं. मग पत्त्यांचा कॅट घेतला, त्याचीही जाडी जवळपास १५ मिलिमीटर. नाणं त्यावर ठेवलं, फोन तसाच धरला. नाण्याचा व्यास २७ मिलिमीटर धरून स्क्रीनवर मोजलं तर १२० च्या आसपास आले. नाणं मोजायच्या कडेच्याच उंचीवर हवं, एवढं एक वाक्य तुमच्या सूचनेत असतं तर तुमचा दुसऱ्या खेपेचा कुरिअर वाचला असता. फोन लांब धरून झूम केला तरी चूक कमी होते. एक मीटरवरून ती दीड टक्क्यावर येते. पण जाडी त्यातूनही कळणार नाही. त्यासाठी फिल्टर उभा धरून कडेचा एक वेगळा फोटो घ्यावाच लागतो.

मुख्य ब्रशचं थोडक्यात सांगतो. तो ६४९ रुपयांचा, यंत्रात बसवलेल्या ब्रशच्या फोटोवरून तुम्ही निवडलेला. केस, रंग, लांबी सगळं जुळलं. पण मोटर ज्या टोकाला धरते ते आमच्याकडे चौकोनी, तुमचं षटकोनी. ब्रश जागेवर असताना दोन्ही टोकं घरात लपलेली असतात, फोटोत दिसणार कशी? ब्रश काढून, गुंतलेले केस कापून, दोन्ही टोकांचे समोरून फोटो मागायला हवे होते.

बहिणीकडे उभा व्हॅक्युम आहे, पिशवीवाला. तिला मी सांगून ठेवलंय की पिशवी मागवताना यंत्राचा फोटो पाठवूच नकोस. पिशवीच्या तोंडाला पुठ्ठ्याची पट्टी असते, तिची लांबी-रुंदी, भोकाचा व्यास आणि खाच कोणत्या बाजूला आहे हे पाठव.

आता मागणी. फिल्टरचे ४९९, ब्रशचे ६४९ आणि पंखा उघडून साफ करायला स्थानिक मेकॅनिकने घेतलेले ८०० असे एकूण १,९४८ रुपये परत करावेत. 'उघडलेला फिल्टर परत घेत नाही' हे तुमचं उत्तर इथे लागू होत नाही. मॉडेल मी निवडलं नव्हतं, हिरवी खूण करून तुम्ही निवडलं होतं. बिलं, फोटो आणि व्हर्निअरने काढलेली मापं सोबत जोडली आहेत.

ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम, २०२० प्रमाणे तक्रार मिळाल्याची पोच ४८ तासांत आणि निवारण एका महिन्यात व्हायला हवं. माझ्या पहिल्या ईमेलची पोच अजून आलेली नाही. या पत्रालाही आली नाही, तर १९१५ या हेल्पलाइनवर नोंद करून पुढे जिल्हा आयोगाकडे जाईन. निवृत्त माणूस आहे, वेळ भरपूर आहे.

चुकीचे तिन्ही भाग खोक्यात भरून ठेवले आहेत. कुरिअरवाल्याला सकाळी दहानंतर पाठवा. दुपारी एक ते चार बेल वाजवू नये.

आपला,
एक ग्राहक