सतरा नंबरची अर्धीच बातमी

मा. संपादक,
स. न.

‘शाळेत न जाता व्हा दहावी पास’ ही आपली कालची बातमी वाचली. मथळा झकास! पण बातमी सतरा नंबरच्या, म्हणजे खासगी विद्यार्थी म्हणून दहावीला बसायच्या, ऑनलाइन अर्जापाशीच संपते, आणि लोक फसतात ते त्याच्या पुढे.

माझ्या सुनेला पोलीस पाटलाच्या जागेसाठी अर्ज करायचा होता. त्याला दहावी पास लागते, हिची शाळा आठवीत सुटलेली. सतरा नंबरने दहावीला बसायला किमान पाचवी पास पुरते, म्हणजे त्यात अडचण नव्हती. अडचण नावाची. आधारवर सासरचं नाव, शाळेच्या दाखल्यावर माहेरचं. ऑनलाइन केंद्रवाल्या पोरानं आधार पाहून अर्ज ठोकून दिला! मंडळाचं प्रमाणपत्र शाळेच्या दाखल्यावरच्या नावानं निघतं, हे त्याला कोण सांगणार? आपली बातमी तरी सांगत नाही.

अर्ज भरला, पैसे भरले की झालं, असंही नाही. अर्जात निवडलेल्या संपर्क केंद्राच्या शाळेत अर्जाची प्रत, पैशाची पावती आणि शाळा सोडल्याचा मूळ दाखला नेऊन द्यावा लागतो. मूळ हरवला असेल तर दुय्यम प्रत आणि प्रतिज्ञापत्र. आमच्या संपर्क केंद्राचे मुख्याध्यापक म्हणाले, “तुमचे सतरा नंबरवाले घेतले का आमचा निकाल खाली येते ना भाऊ.” अहो, मंडळ निकाल जाहीर करताना खासगी विद्यार्थ्यांची टक्केवारी वेगळी देतं, हे मला खेड्यात बसून माहीत, मुख्याध्यापकांना नाही! बरीच हुज्जत घातल्यावर नाव दुरुस्त होऊन कागद जमा झाले.

आणि ही नुसती नावनोंदणी. परीक्षेचं आवेदनपत्र पुढे वेगळं भरायचं असतं, त्याच शाळेमार्फत, वेगळ्या शुल्कासह. ते ऐन सोयाबीनच्या सोंगणीत येतं, तेव्हा मोबाइलवरचे मेसेज पाहतो कोण? आमच्या शेजारच्या पोरानं नोंदणी केली आणि हॉल तिकिटाची वाट पाहत बसला. आवेदनपत्रच भरलं नव्हतं, हॉल तिकीट येणार कुठून? नोंदणीचे पैसे परत मिळत नाहीत, ते वेगळंच. भाषेची तोंडी आणि विज्ञानाचं प्रात्यक्षिक यांसाठीही संपर्क केंद्रात हजर राहावं लागतं. हे 20-20 गुण सोडले तर 80 च्या पेपरवर सारी मदार. ‘शाळेत न जाता’ म्हणे!

बातमीसोबत पदवीधरांची टोपी घातलेल्या मुलीचं छायाचित्र छापलंत. त्या जागेत दोन्ही टप्प्यांच्या तारखा बसल्या असत्या.

जाता जाता आणखी एक. मुदतवाढीची बातमी आपण शहर आवृत्तीत छापता आणि आमच्या आवृत्तीत दुसऱ्या दिवशी. त्यात आमच्या गावात अंक येतो दुपारच्या एसटीनं, तीही आली तर. वर्गणी मात्र आपला माणूस एक तारखेला सकाळी सातला मागायला हजर असतो.

आपला,
एक जुना वर्गणीदार
ता. दारव्हा, जि. यवतमाळ