रविवारी बीपी-शुगर तपासणी, मोफत

सर्व सभासदांना नमस्कार,

येत्या रविवारी सकाळी ७ ते १० या वेळेत सोसायटीच्या हॉलमध्ये रक्तदाब आणि रक्तातील साखर मोफत तपासली जाईल. तिशी ओलांडलेल्या प्रत्येकाने यावं. घरात आई-वडिलांना मधुमेह असेल, पोट सुटलं असेल किंवा गरोदरपणात साखर वाढली असेल, त्यांनी तर नक्कीच. "मला काही त्रास नाही" म्हणून घरी राहू नका. बीपी वाढलं तरी बहुतेकांना काहीच जाणवत नाही.

साखर उपाशीपोटी बघायची आहे, म्हणून आदल्या रात्री जेवणानंतर किमान ८ तास काही खाऊ नका. चहासुद्धा नको, पाणी चालेल. बीपीची गोळी रोजच्यासारखी घ्या. मधुमेहाची गोळी किंवा इन्सुलिन मात्र उपाशीपोटी घेऊ नका. सोबत आणा आणि तपासणीनंतर नाश्त्याच्या वेळी घ्या.

मागच्या वेळी एक काका तीन जिने चढून थेट खुर्चीत बसले, बीपी भरलं १५८/९६. दहा मिनिटं शांत बसवून पुन्हा घेतलं तर १३६/८४. त्यामुळे आल्यावर आधी पाच मिनिटं बसा, बाही सैल असू द्या, पट्टा बांधल्यावर बोलू नका.

बीपी १४०/९० किंवा साखर १२६ च्या वर आली तर लगेच घाबरू नका. बोटाच्या थेंबावरून निदान पक्कं होत नाही, लॅबमध्ये पुन्हा तपासावं लागतं. जुने रिपोर्ट आणि चालू गोळ्यांची पाकिटं जरूर आणा.

– सचिव