रुपये-पैशांच्या आधी मीटरपट्टी

मा. संपादक,
स.न.वि.वि.

माझी नात सहावीत आहे. परवा तिच्या वहीत 0.35 हे 0.4 पेक्षा मोठे, असे लिहिलेले दिसले. का म्हणून विचारले तर ती म्हणाली, "आजोबा, पस्तीस मोठे की चार?" पुढे 3.5 चे वाचन होते : तीन रुपये पाच पैसे. शाळेत दशांश अपूर्णांक रुपये-पैशांवरून शिकवले आहेत. तसे शिकवण्यात चूक नाही, मीही तीस वर्षे तेच केले. पण नुसत्या पैशांवर भागत नाही, हे मला नोकरीच्या उत्तरार्धात कळले.

पैशांत टिंब हे कुंपणासारखे दिसते. अलीकडे रुपये, पलीकडे पैसे, दोन्ही आपापल्या पूर्ण संख्या. शिवाय मुलांच्या अवतीभवतीची टिंबेही असलीच. शाळा 10.30 ला भरते, काकांची उंची 5.6 असते, आणि क्रिकेटमध्ये 4.5 षटकांनंतर एक चेंडू पडला की थेट 5 होतात. यातले एकही टिंब दशांश चिन्ह नाही, हे मुलांना कुणी सांगत नाही. त्यात 2011 च्या जूनअखेर 25 पैसे आणि त्याखालची नाणी चलनातून गेली. रुपयाचा दहावा भाग म्हणजे दहा पैशांचे नाणे. ते आजच्या सहावीतल्या मुलाने पाहिलेलेच नाही. मग टिंबानंतरचे पहिले घर त्याला कशात दिसणार?

म्हणून मी सुरुवात मीटरपट्टीने करू लागलो, तीही कोऱ्या पट्टीने. जाड कागदाची एक मीटर लांब पट्टी कापायची, तिच्यावर फक्त दहा सारखे भाग आखायचे आणि एकाआड एक रंगवायचे. सेंटीमीटरच्या खुणा मुद्दाम नाहीत. एकदा आमच्या वर्गातले बाक मोजले. एक पट्टी बसली, वर दोन रंगीत भाग बसले आणि थोडे उरले. मुलांनी लिहिले 1.2 "आणि थोडं". त्या थोड्याचे काय करायचे, यावर वर्गात बरीच हुज्जत झाली. शेवटी एक मुलगी म्हणाली, "एका भागाचे परत दहा करू." तिथे सेंटीमीटर आला. उरलेले चार सेंटीमीटर भरले आणि बाक झाले 1.24 मीटर. नवे घर का लागते, हे फळ्यावर सांगून जे पटले नव्हते ते बाकावर पटले.

खरी परीक्षा खिडकीने घेतली. तिची रुंदी एक मीटर सात सेंटीमीटर, आणि अर्ध्या वर्गाने लिहिले 1.7. मी एवढेच विचारले, पूर्ण रंगीत भाग किती बसले? एकही नाही. मग त्या घरात काय लिहायचे? शून्य. 1.07 झाले. 1.7 मीटर किती ते पट्टीवर दाखवायला लावले, तर पट्टी खिडकी ओलांडून 63 सेंटीमीटर भिंतीवर गेली. मुले हसली. नंतर ही चूक पुन्हा झाली, पण विचारले की ज्याचे तोच सुधारायचा.

0.35 आणि 0.4 चा निवाडाही इथेच लागतो. एकाचे पूर्ण भाग तीन, दुसऱ्याचे चार. त्या पाच सेंटीमीटरने चौथा भाग निम्माच भरतो.

यानंतर पैसे आणावेत, पण जरा बदलून. शंभराची नोट म्हणजे 'एक'. दहाची नोट तिचा दशांश, रुपयाचे नाणे शतांश. 0.4 म्हणजे दहाच्या चार नोटा, 0.35 म्हणजे दहाच्या तीन नोटा आणि पाच नाणी. दहा नाणी देऊन एक नोट घ्यायची, हा हातचा मुलांना सांगावा लागत नाही. मात्र नाण्याखाली यात काही उरत नाही. तिसरे घर दाखवायला पुन्हा पट्टीवरचा मिलीमीटरच लागतो. वाण्याच्या काट्यावर पाव किलो डाळीला 0.250 का उमटते, हेही मग मुले विचारतात.

आणि एक : 1.24 'एक पॉइंट चोवीस' असे वाचू देऊ नये. 'एक पॉइंट दोन चार' म्हणावे. 'चोवीस' म्हटले की कुंपण परत उभे राहते.

नातीला कोरी पट्टी करून दिली आहे. काल तिने घराचा उंबरठा मोजला, 0.9 मीटर लिहिले आणि मग स्वतःच त्यापुढे एक शून्य काढले. "उरलं काही नाही, पण मी बघितलं होतं," म्हणाली.

— एक निवृत्त प्राथमिक शिक्षक, जि. कोल्हापूर