बाराबंदी यंदा घडीतच राहू दे

ती. बाबा आणि ती. सौ. आई यांस,
शि. सा. न. वि. वि.

आई, दादाची बाराबंदी धुऊन इस्त्री करून ठेवलीय, यंदा तू घाल, असं तू फोनवर म्हणालीस. तेव्हा मी नुसतं ‘बघू’ म्हटलं, पण माझं ठरलंय. गड्ड्याच्या जत्रेला मी येणार, चार दिवस राहणारही, पण नंदीध्वजाच्या काठीबरोबर चालणार नाही. ६८ लिंगांच्या तैलाभिषेकाला नाही आणि संमती कट्ट्यावर अक्षतांनाही नाही. लोकांना सांगा, घरात दुःख आहे. तुम्हाला मात्र खरं सांगतो, मला सिद्धरामाचा राग आलाय.

दादा डिसेंबर लागला की जेवण बाजूला ठेवून काठीच्या सरावाला पळायचा. त्याच्याच बाबतीत हे व्हावं? दिवसांना आलेला जो तो ‘देवाची इच्छा’ म्हणून गेला. बाबा, तुम्हीही म्हणालात. तुम्हाला त्यानं धीर येत असेल तर जरूर म्हणा, पण माझ्यासमोर नको. ही त्याची इच्छा असेल तर त्याला हात जोडायला माझे हात उठत नाहीत.

लहानपणी तळ्याच्या काठावर मला मांडीवर घेऊन तुम्ही मल्लय्याची गोष्ट सांगायचात. रानात हुरडा खाऊन त्यानं दहीभात मागितला, पोरगं, म्हणजे लहानगा सिद्धराम, धावत घरी गेलं, परत येऊन बघतं तर मल्लय्या नाही. ‘मल्लय्या, मल्लय्या’ करत ते थेट श्रीशैलला पोचलं आणि कड्यावरून उडी घेणार तेवढ्यात देवानं हात धरला. मी दरवेळी त्या हात धरण्यापाशी खूश व्हायचो. आता माझं मन रानातच अडकतं, हातात दहीभात घेऊन हाका मारणाऱ्या त्या पोरापाशी. माझ्याही हाका चालू आहेत. ओ येत नाही.

आई, म्हणून तू दिवा बंद करू नकोस. माझ्या रागाचा तुझ्या देवघराला त्रास नको. आणि त्या रात्री तू त्याला सोडा-लिंबू दिलंस, ते मनातून काढ. छातीत जळजळ झाली की आपल्याकडे कोणीही पित्तच समजतं. डॉक्टरांनी मला स्पष्ट सांगितलं, त्या सोड्यानं काही बिघडलं नाही.

बाबा, आता तुम्ही ऐकायचं. छातीत दाब, डाव्या हातात किंवा जबड्यात कळ, थंड घाम, यातलं काहीही झालं तर पित्ताची गोळी घेऊन पडून राहायचं नाही, रात्र असली तरी लगेच दवाखाना. एकदा ईसीजी चांगला आला म्हणून निर्धास्त होऊ नका, तो मधल्या वेळात चांगलाही येतो. बीपीची गोळी सकाळी चहाआधी. शेंगाचटणी खा, पण मीठ कमी टाकलेली. आई वेगळी करून देईल.

नवी चादर घेऊन येतोय, जुनी आता पायाला पुरत नाही. भोगीच्या आदल्या दिवशी सकाळच्या गाडीनं पोचेन. स्टेशनवर यायचं नाही, थंडी असते.

तुमचा,
बाळू