मेनूकार्डाच्या मजकुराबद्दल

प्रिय सुहास,

तुझा मसुदा वाचला. इंग्रजी मजकूर चांगला आहे, पण मराठी आणि हिंदी त्यावरूनच उतरवलेत हे लगेच कळतं. 'मलईदार मशरूमयुक्त इटालियन तांदूळ' वाचून कुणाला भूक लागेल रे?

माझं ऐक, भाषांतर करूच नकोस. आधी आचाऱ्याजवळ बसून प्रत्येक पदार्थाचं टिपण कर. मुख्य जिन्नस काय, शिजवतात कसं, गरम वाढतात की गार, समोर येतो तेव्हा दिसतो कसा, आणि कुणाला चालणार नाही असं त्यात काय पडतं. मग तिन्ही मजकूर त्या टिपणावरून वेगवेगळे लिही. ते एका मापाचे झाले नाहीत तरी बिघडत नाही.

तुझ्या त्या 'इटालियन तांदळाचं', म्हणजे रिसोत्तोचंच बघ. ज्याने तो आधी खाल्लाय त्याला मशरूम कोणते आणि चीज कोणतं एवढं सांगितलं की पुरे. पण नवख्या माणसाच्या डोळ्यांपुढे 'भात' म्हटलं की मोकळा भात येतो. मग समोरची बशी बघून तो म्हणणार, पाणी जास्त झालंय आणि दाणा कच्चा राहिलाय. खरं तर रिसोत्तो तसाच असायला हवा. तेव्हा मराठीत मी असं लिहीन:

'मशरूम रिसोत्तो: आखूड दाण्याचा तांदूळ, गरम स्टॉक थोडा थोडा घालत, ढवळत शिजवलेला. भात सरसरीत, दाणा आतून किंचित टणक. शेवटी लोणी आणि पार्मेजान चीज. व्हाइट वाइन घातलेली आहे.'

हिंदीत 'चावल खिले-खिले नहीं, गाढ़े और मलाईदार' एवढ्यानं काम होतं. पदार्थाचं नाव मात्र तिन्हीकडे तेच ठेव, आणि क्रमांकही. गिऱ्हाईक बोट ठेवील तेच वेटरला कळलं पाहिजे.

वर्णन भाषेगणिक बदललं तरी वाइन, अंडं, सुकामेवा, मांस यांची माहिती तिन्हीकडे तंतोतंत एकच हवी. इथे एक मेख आहे. अस्सल पार्मेजान वासराच्या जठरातल्या रेनेटनं विरजतात, म्हणजे मांसाचा तुकडाही नसलेला रिसोत्तो कट्टर शाकाहारी माणसाला चालत नाही. तुझ्या मसुद्यात मात्र तो बिनदिक्कत 'शाकाहारी' म्हणून छापलाय. एक तर चीज बदला, नाही तर तो शब्द काढा.

छापायला देण्याआधी, हे पदार्थ कधीच न खाल्लेल्या कुणाला तरी वर्णन वाचून दाखव आणि विचार, समोर काय येईल? 'टोमॅटो आणि काकडीचं स्पॅनिश सूप' ऐकून तो वाफाळता वाडगा सांगणार, आणि गास्पाचो तर थंडगार येतो! तिथे 'थंड' हा शब्द पहिला हवा.

रिसोत्तोचा स्टॉक भाज्यांचा की कोंबडीचा, ते आचाऱ्याला विचारून कळव. तोवर ती ओळ मी अर्धवट ठेवलीये.

तुझा,
मिलिंद