'ऑरगॅनिक' गुळाचा कागद कुठे आहे?

महोदय,

कालच्या पुरवणीत बचत गटांना ऑनलाइन विक्री शिकवताना गुळाच्या वर्णनाचा नमुना छापला आहे: '१०० टक्के ऑरगॅनिक, केमिकल-फ्री, नैसर्गिक गूळ'. वाचून संताप आला. हे असेच चढवले तर लिस्टिंग अडकेल, आणि तक्रार झाली तर उत्तर द्यायला लेखक नव्हे, गटातल्या बायकाच उभ्या राहतील.

'ऑरगॅनिक'साठी एनपीओपी किंवा पीजीएस-इंडिया या सरकारमान्य सेंद्रिय प्रमाणन योजनांपैकी एकीचे प्रमाणपत्र लागते. ऑनलाइन बाजारवाले साधारणपणे एफएसएसएआय परवाना, हे प्रमाणपत्र आणि पाकिटाच्या दोन्ही बाजूंचे फोटो मागतात. नाव, माल, मुदत ताडून बघतात. घोडे अडते ते इथे. शेतकऱ्याच्या एनपीओपी प्रमाणपत्रावर ऊस असतो, गूळ नसतो. गूळ करणारे गुऱ्हाळ आणि मार्केट यार्डात पाकिटे भरणारा, दोघेही प्रमाणित हवेत. शिवाय माल हात बदलतो तेव्हा ट्रान्झॅक्शन सर्टिफिकेट निघते आणि त्यावर वजन असते. २,००० किलोचा कागद असेल तर अर्ध्या किलोची ४,००० पाकिटे भरतील. त्यापुढच्या पाकिटाला त्या कागदाचा आधार नाही. वर्षाला १२ लाखांपर्यंत उलाढाल असलेल्या छोट्या मूळ उत्पादकाला थेट ग्राहकाला विकताना प्रमाणपत्रातून सूट आहे, पण प्रमाणित सेंद्रिय मालावरचे 'जैविक भारत'चे चिन्ह त्यालाही लावता येत नाही.

कीटकनाशकांचा लॅब रिपोर्ट जोडून भागेल असे अनेकांना वाटते. तो रिपोर्ट पाठवलेल्या नमुन्यात तपासलेल्या औषधांपुरताच बोलतो. शेत कसे पिकवले हे सांगत नाही. आणि 'केमिकल-फ्री' तर कोणतीच लॅब लिहून देणार नाही. त्याऐवजी 'मळी काढायला भेंडीचे पाणी वापरले, हायड्रोस वापरलेली नाही' असे लिहावे. हायड्रोस म्हणजे गुळाचा रंग उजळ करणारी गंधकयुक्त पावडर. हे तपासता येते: गुऱ्हाळातल्या प्रत्येक घाण्याची नोंद ठेवायची आणि त्याच घाण्याच्या गुळात सल्फर डायऑक्साइड किती, ते तपासून घ्यायचे. नुसत्या काळपट रंगावर विसंबू नये.

'नैसर्गिक' हा शब्दही मोकळा नाही. २०१८च्या दावे व जाहिरात नियमांनुसार तो काहीही न मिसळलेल्या एकाच पदार्थाला लागतो. सुंठ-वेलचीच्या गुळाला तो लावता येत नाही. प्रत्येक घटक त्या अटीत बसत असेल तर फार तर 'नैसर्गिक घटकांपासून बनवलेला' म्हणता येते.

आणखी एक. ब्रँडच्या नावातच 'नॅचरल' घाला, हा त्याच लेखातला सल्ला अर्धवट आहे. अशा नावाने दिशाभूल होण्यासारखी असेल तर 'हे फक्त ब्रँडचे नाव आहे, पदार्थाचे खरे स्वरूप दाखवत नाही' अशा अर्थाची सूचना लेबलवर ठळक द्यावी लागते. ती न छापता पाकिटांचा रोल काढला, तर अख्खा रोल वाया जातो. पुढच्या पुरवणीत नमुना दुरुस्त करून छापावा, ही विनंती.

एक वाचक, पुणे